शैक्षणिक कर्जाचे व्याज मुद्दलात मिळते तेव्हा

शिक्षणासाठी बँकेकडून काढलेल्या कर्जात एक गोष्ट इतर कर्जांहून निराळी असते. घर बांधण्यासाठी वा यंत्र घेण्यासाठी कर्ज काढले, तर त्याची फेड बहुधा लवकरच सुरू होते. शैक्षणिक कर्जात मात्र विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत, आणि त्यानंतरही काही महिने, बँक हप्ता मागत नाही. या मोकळ्या काळास बँकेच्या कागदपत्रांत ‘मोरॅटोरियम’ असे नाव आहे. आपण त्यास हप्तेस्थगनाचा काळ म्हणू. भारतीय बँक संघाने बँकांसाठी जी नमुना योजना आखली आहे, तिच्यात हा काळ अभ्यासक्रमाची मुदत अधिक एक वर्ष एवढा धरला आहे. चार वर्षांच्या अभियांत्रिकी शिक्षणास तो पाच वर्षांचा होतो.

या पाच वर्षांत हप्ता स्थगित असतो, व्याज स्थगित नसते. कर्जाची रक्कम ज्या दिवशी महाविद्यालयाच्या खात्यात जमा होते, त्या दिवसापासून तिच्यावर व्याज चालू होते. ते कोणी भरले नाही तर नाहीसे होत नाही. ते साचून राहते आणि फेडीचा काळ सुरू होताना मुद्दलात मिळविले जाते. या क्रियेलाच व्याजाचे मुद्दलीकरण म्हणतात. पहिला हप्ता किती येणार हे विद्यार्थी आणि त्याचे पालक बहुधा घेतलेल्या कर्जावरून अजमावतात. बँक तो ठरविते मुद्दलीकरणानंतरच्या रकमेवरून. दोन आकड्यांतील अंतर किती मोठे असते आणि ते कोठून येते, हे एका उदाहरणाने पाहू.

एका विद्यार्थिनीने चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सहा लाख रुपयांचे कर्ज मंजूर करून घेतले आहे, असे समजा. बँक ही रक्कम एकदम देत नाही. शुल्क जसजसे देय होते तसतशी ती दर वर्षी १ ऑगस्टला १,५०,००० रुपये महाविद्यालयाकडे पाठविते. व्याजाचा दर दसादशे दहा आहे, आणि नमुना योजनेप्रमाणे स्थगनकाळात व्याज सरळ पद्धतीने आकारले जाते. खरा दर बँकेगणिक आणि वर्षागणिक बदलतो. येथे दहा हा आकडा घेतला आहे तो वाचकास प्रत्येक पायरी तोंडी पडताळून पाहता यावी एवढ्यासाठीच.

पहिल्या वर्षी दिलेले दीड लाख रुपये पूर्ण पाच वर्षे वापरात राहतात. त्यांचे व्याज ७५,००० रुपये. दुसऱ्या वर्षीच्या दीड लाखांस चार वर्षे मिळतात, म्हणून त्यांचे ६०,०००. तिसऱ्याचे ४५,००० आणि चौथ्याचे ३०,०००. सर्वांची बेरीज २,१०,००० रुपये. रक्कम टप्प्याटप्प्याने दिली गेल्यामुळे विद्यार्थिनीचा लाभच झाला आहे, कारण सहा लाख पहिल्याच दिवशी उचलले असते तर याच हिशेबाने व्याज तीन लाख झाले असते. वसतिगृह, पुस्तके वा संगणक यांसाठी मंजूर झालेली रक्कम गरज पडण्यापूर्वी उचलू नये, असे जाणते बँक अधिकारी सांगतात त्याचे कारण हेच आहे.

पाच वर्षे पुरी होतात त्या दिवशी खात्यावर ६,००,००० रुपये मुद्दल आणि २,१०,००० रुपये व्याज अशा दोन वेगवेगळ्या रकमा उभ्या असतात. पहिल्या रकमेवर व्याज चढत होते, दुसरीवर चढत नव्हते. सरळव्याजाचा अर्थच तो. दुसऱ्या दिवशी दोहोंची मिळून एकच रक्कम होते, ८,१०,००० रुपयांची, आणि ही सर्व रक्कम मुद्दल म्हणून ओळखली जाते. काल व्याज होते ते आज स्वतः व्याज मागू लागते. पाच वर्षे पाळलेले सरळव्याजाचे पथ्य त्या एका दिवसात सुटते.

ही क्रिया कायद्यास संमत आहे काय, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे अनेकदा आला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २००१ साली ‘सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध रवींद्र’ या प्रकरणी त्याचा विस्ताराने विचार केला. करारानुसार व योग्य रीतीने मुद्दलात मिळविलेले व्याज पुढे व्याज राहत नाही, ते मुद्दलाचाच भाग होते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. जुन्या मुंबई इलाख्यात दामदुपटीचा नियम माहीत असलेल्या वाचकास येथे एक आठवण होईल. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नाही, असा तो हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नियम. परंतु उभयपक्षी नवा करार होऊन व्याज मुद्दलात मिळविले गेले, तर त्या नियमातही मिळवणीनंतरची रक्कम हीच मुद्दल धरली जात असे.

आता हप्त्याकडे वळू. ८,१०,००० रुपये दहा वर्षांत, म्हणजे १२० समान मासिक हप्त्यांत फेडावयाचे आहेत. दर तोच, दसादशे दहा. म्हणजे महिन्यास शेकडा पाच षष्ठांश. या दराने पहिल्या महिन्याचे व्याज ६,७५० रुपये होते. विद्यार्थिनीने दरमहा नेमके ६,७५० रुपये भरले तर काय होईल? व्याज भागेल, परंतु मुद्दल एका रुपयानेही हलणार नाही, आणि शंभर वर्षांनीही ८,१०,००० रुपये देणे तसेच राहील. म्हणून हप्त्यात याहून काही अधिक असले पाहिजे. ते अधिक किती, एवढाच प्रश्न उरतो.

ते अधिक ८,१०,००० भागिले १२०, म्हणजे ६,७५० एवढे असेल, असे प्रथम वाटते. तेवढे भरावे लागत नाही. कारण पहिल्या महिन्यात मुद्दलाचा जो तुकडा फिटतो, त्याच्यावर पुढील ११९ महिने व्याज द्यावे लागत नाही. वाचलेले ते व्याज त्याच हप्त्यातून मुद्दलाच्या फेडीस लागते. तेणेकरून आणखी व्याज वाचते. आणि ही साखळी शेवटपर्यंत चालते. येथे चक्रवाढ ऋणकोच्या बाजूने काम करीत असते. हिशेब केल्यास महिन्यास ३,९५४ रुपये अधिक भरणे पुरेसे ठरते. १२० महिन्यांत हे अधिकचे रुपये सरळ बेरजेने ४,७४,५०० च्या आसपास होतात. उरलेले सुमारे ३,३५,५०० वाचलेल्या व्याजातून भरून निघतात. म्हणून समान मासिक हप्ता ६,७५० अधिक ३,९५४, म्हणजे १०,७०४ रुपये.

व्याज वेळच्या वेळी भरले गेले असते आणि मुद्दल सहा लाखच राहिले असते, तर याच रीतीने हप्ता ७,९२९ रुपये आला असता. फरक महिन्यास २,७७५ रुपयांचा. दहा वर्षांत या फरकाची बेरीज ३,३३,००० रुपयांच्या वर जाते. म्हणजे न भरलेल्या २,१०,००० रुपयांच्या व्याजाने स्वतः आणखी सव्वा लाखाच्या घरात व्याज मिळविले.

यापेक्षाही ध्यानात राहण्यासारखी गोष्ट फेडीच्या तक्त्यात दिसते. बँकेकडून मिळणाऱ्या या तक्त्यात प्रत्येक हप्त्यातील व्याजाचा वाटा, मुद्दलाचा वाटा आणि शिल्लक देणे अशी सदरे असतात. पहिल्या वर्षात आपली विद्यार्थिनी १,२८,४५० रुपये भरते. त्यांपैकी ७८,७६० रुपये व्याजात जातात आणि देणे ४९,६९० रुपयांनी कमी होते. शिल्लक रकमेचे सदर खाली खाली वाचीत गेल्यास, तिने मुळात घेतलेल्या सहा लाखांचा आकडा ओलांडून शिल्लक प्रथम खाली उतरते ती पंचेचाळिसाव्या हप्त्याला. तोपर्यंत तिने ४,८१,००० रुपयांहून अधिक भरलेले असतात, आणि देणे ५,९५,००० रुपये असते. पावणेचार वर्षे नियमाने हप्ते भरूनही मूळ कर्जाला हात लागला नाही, अशी तक्रार बँकेच्या खिडकीपाशी ऐकू येते, आणि बँकेने काही लबाडी केली असावी असा संशयही घेतला जातो. वास्तविक तो मुद्दलीकरणाचा सरळ परिणाम आहे.

हप्ता भारी वाटला तर मुदत वाढविण्याचा मार्ग असतो. नमुना योजनेत फेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत धरता येते. ८,१०,००० रुपयांस १८० महिन्यांची मुदत घेतली तर हप्ता ८,७०४ रुपये येतो. महिन्यास दोन हजारांची सवड मिळते. मात्र पहिल्या महिन्याचे व्याज पूर्वीप्रमाणे ६,७५० रुपयेच असते, म्हणून मुद्दलापोटी जाणारा वाटा ३,९५४ वरून १,९५४ वर येतो. हप्ता पाचव्या हिश्शाने घटला, परंतु फेडीचा वेग निम्म्यावर आला. दहा वर्षांत एकूण १२,८४,५०० रुपये भरावे लागले असते, तेथे पंधरा वर्षांत १५,६६,८०० रुपयांच्या आसपास भरावे लागतात. पहिल्या नोकरीचे वेतन बेताचे असल्यास ही किंमत देणे भाग पडते. ती देताना आकडा ठाऊक असावा.

येथवर आपण स्थगनकाळात सरळव्याज चालते असे गृहीत धरले. सर्वच संस्था तसे करीत नाहीत. काही वित्तसंस्था त्या काळातही दरमहा व्याज मुद्दलात मिळवीत जातात. करारपत्रात यासंबंधीचे वाक्य ‘मासिक अंतराने’ अशा दोन शब्दांत दडलेले असते आणि सही करताना ते सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. आपल्या उदाहरणात दरमहा मुद्दलीकरण झाले, तर पाच वर्षांच्या शेवटी देणे ८,१०,००० ऐवजी सुमारे ८,५५,५०० रुपये होते, आणि दहा वर्षांचा हप्ता ११,३०५ रुपयांवर जातो. दरमहा ६०१ रुपयांचा हा फरक दर न बदलता, केवळ मिळवणीच्या पद्धतीने पडला आहे.

आपल्या खात्यावर कोणती पद्धत चालू आहे, हे ओळखण्यास अवघड गणित लागत नाही. ज्या वर्षात कर्जाचा नवा टप्पा उचललेला नाही आणि दरही बदललेला नाही, असे वर्ष निवडावे. शेवटचे वर्ष त्यास सोयीचे. खाते-उताऱ्यातील त्या वर्षाचे मासिक व्याज पाहावे. बँका व्याज दिवसांवर मोजतात, म्हणून एकतीस दिवसांच्या महिन्यास ५,०९६ रुपये आणि तीस दिवसांच्या महिन्यास ४,९३२ रुपये असा थोडा चढउतार असणारच. त्याने गोंधळून न जाता एकतीस दिवसांच्या महिन्यांची तुलना एकतीस दिवसांच्या महिन्यांशीच करावी. ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर, मार्च या साऱ्यांचे व्याज एकच असेल तर ते सरळव्याज होय. प्रत्येक वेळी आकडा थोडा थोडा चढत असेल तर व्याजावर व्याज लागत आहे. शिवाय चक्रवाढीत पाचव्या वर्षाचा आरंभीचाच आकडा ५,००० च्या जागी ६,४५० रुपयांच्या आसपास दिसतो, इतका फरक तोपर्यंत साचलेला असतो. असे आढळल्यास करारपत्र पाहावे. करारात सरळव्याज लिहिले असून खात्यावर चक्रवाढ लागली असेल, तर दुरुस्तीची लेखी मागणी मुद्दलीकरणाच्या दिवसापूर्वी करणे सोपे जाते. एकदा दोन रकमांची एक झाली की त्यातील चूक निवडून काढणे किचकट होते.

मग शिकत असताना व्याज भरावे काय? वरील उदाहरणात ते भरावयाचे झाले तर पहिल्या वर्षी महिन्यास १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५० आणि पुढील दोन वर्षे ५,००० रुपये लागतात. प्रत्येक कुटुंबास हे झेपणार नाही. थोडे भरले तरी उपयोग होतो. पाचही वर्षे महिन्यास १,२५० रुपयेच भरले, तर ७५,००० रुपयांचे व्याज फिटते, मुद्दलीकरणाची रक्कम ७,३५,००० होते आणि हप्ता ९,७१३ रुपयांवर येतो. दहा वर्षांतील बचत १,१८,९०० रुपयांच्या आसपास.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे, आणि तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. साचलेल्या सरळव्याजावर स्थगनकाळात व्याज चढत नाही. म्हणून ते व्याज दरमहा भरले काय, किंवा मुद्दलीकरणाच्या आदल्या दिवशी एकरकमी भरले काय, मुद्दलात मिळणारी रक्कम सारखीच राहते. तेच पैसे दरमहा आवर्ती ठेवीत टाकून शेवटी एकदम भरल्यास ठेवीवरील व्याज पदरात पडते. याच्या उलट बाजूस एक सवलत आहे. स्थगनकाळात व्याज नियमितपणे भरीत गेल्यास काही बँका दरात एक टक्क्याची सूट देतात. नमुना योजनेत तशी मुभा आहे. आपल्या उदाहरणात सर्व व्याज भरले तर ही सूट सुमारे २१,००० रुपयांची होते. तेच सर्व पैसे दसादशे सहाच्या ठेवीत ठेवले असते, तर ठोकळ मानाने चोवीस हजार मिळाले असते. दोन्ही आकडे जवळजवळ बरोबरीचे आहेत. माझ्या मते, बँक सूट देत असेल तर दरमहा भरणेच बरे. हाताशी असलेली ठेव लग्नकार्यात वा आजारपणात मोडली जाते, आणि नेमक्या दिवशी भरावयाचा पैसा राहत नाही. सूट नसेल आणि व्याज खरोखर सरळ असेल, तर शेवटच्या दिवसाची वाट पाहण्यात तोटा नाही. दरमहा मुद्दलीकरण करणाऱ्या संस्थेचे कर्ज असेल, तर मात्र उशिराने भरलेला प्रत्येक रुपया महाग पडतो.

सरकारी साहाय्याचा परिणामही याच ठिकाणी होतो. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांच्या स्थगनकाळातील व्याजासाठी केंद्र सरकारने २००९ साली अनुदान योजना सुरू केली. तीत ज्याचे सारे व्याज भरले जाते, त्याचा हप्ता सहा लाखांवरच, म्हणजे ७,९२९ रुपये बसतो. २०२४ साली मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक संस्थांत शिकणाऱ्या व ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न वर्षास आठ लाखांपर्यंत आहे अशा विद्यार्थ्यांना, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगनकाळात तीन टक्के व्याजाचे साहाय्य ठेवले आहे. वर्षास किती विद्यार्थ्यांना ते मिळावे याची मर्यादा आहे. आपल्या विद्यार्थिनीस ते मिळाले, तर २,१०,००० पैकी ६३,००० रुपये सरकारकडून येतात आणि हप्ता ९,८७२ रुपयांच्या आसपास होतो. अनुदान मुद्दलीकरणापूर्वी खात्यावर जमा झाले की नाही, हे उताऱ्यावरून पाहून घ्यावे. ते मागाहून आले तर मधल्या काळात त्या रकमेवर चढलेल्या व्याजाचा हिशेब बँकेस विचारावा लागतो.

शेवटी दराविषयी. बहुतेक शैक्षणिक कर्जांचा दर बदलता असतो, म्हणून वरील प्रत्येक आकडा दराबरोबर हलतो. फेड सुरू होताच दर दहावरून अकरावर गेला असे धरा. मुदत दहाच वर्षे ठेवली तर हप्ता ११,१५८ रुपये होतो. हप्ता पूर्वीचाच ठेवला तर कर्ज १२० ऐवजी १३० महिन्यांत फिटते. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बँकांना असे सांगितले आहे की, दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, याची निवड ऋणकोस द्यावी. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास दंड आकारू नये, हेही त्या बँकेने २०१४ सालीच ठरवून दिले. निवड कळविली नाही, तर मुदत आपोआप वाढलेली आढळते. तेव्हा दर बदलल्याचे पत्र आले की नवा तक्ता मागवावा, आणि त्यातील शेवटच्या हप्त्याची तारीख प्रथम पाहावी.